हुकाची आतली कड

आमच्या मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये एका उन्हाळ्यात मोडीत निघालेला पाच टनी क्रेनचा हुक आला. तो साध्या घडीव पोलादाचा होता. एका बाजूला ठोकून बसलेला नंबर होता, आणि टोकावर व दांड्याकडच्या बाजूला पंचने मारलेल्या दोन बारीक खुणा होत्या. आम्ही तो वायरब्रशने घासला, चुना पातळ कालवून त्याच्यावर ब्रशने एक हात दिला आणि रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी तो ओढ देणाऱ्या यंत्रात अडकवून सावकाश ओढायचा, असा बेत होता.

चुना लावायची ही युक्ती जुनी आहे. पोलाद भार काढल्यावर मूळ आकारात परत येते, तोवर वाळलेला चुना त्याला धरून राहतो. ज्या जागी पोलाद कायमचे ताणले जाते, म्हणजे आमच्या भाषेत यील्ड होते, तिथे चुन्याला ते ताणणे सोसत नाही. तो बारीक रेघांनी तडकतो आणि पापुद्रे सुटतात. हुकात सगळ्यात आधी कोणती जागा हार मानते, हे त्यामुळे डोळ्यांनी दिसते.

यंत्र सुरू करण्याआधी मी विद्यार्थ्यांना दोन अंदाज काढायला सांगितले होते. एका गटाने दुसऱ्या वर्षाला शिकलेले सरळ बीमचे सूत्र वापरले. त्यांचे उत्तर आले की सुमारे १५ टनांपर्यंत हुकाला काही होणार नाही. दुसऱ्या गटाने वक्र बीमचे सूत्र वापरले. त्यांच्या मते साडेदहा टनांनाच आतली कड हार मानणार होती. हुक तोच, पोलाद तेच आणि भारही तोच असताना दोन उत्तरांत साडेचार टनांचा फरक पडला. हा फरक कुठून येतो, ते या लेखात सांगायचे आहे.

हुक वाकतो म्हणजे काय, हे आधी पाहू. ओझे हुकाच्या बुडाशी, म्हणजे स्लिंग जिथे बसते तिथे, सरळ खाली ओढते. वरून दांडा त्याला त्याच रेषेत धरून ठेवतो. पण मधले पोलाद त्या रेषेवर नसते, ते एका बाजूने वळसा घालून जाते. त्यामुळे ओझे हुकाला नुसते ताणत नाही, त्याचे तोंड फाकवायलाही पाहते. बुडाच्या अगदी खालच्या छेदाच्या बाबतीत ओझ्याची रेषा छेदातूनच जाते, तिथे हे फाकवणे जवळपास नसते. तिथून पाठीकडे वर चढत गेले की ते वाढत जाते, आणि ओझ्याच्या रेषेपासून पोलाद जिथे सगळ्यात लांब असते तिथे, म्हणजे पाठीच्या मध्यावरच्या आडव्या छेदात, ते सर्वांत जास्त होते. हुक पाठीला जाड आणि टोकाकडे निमुळता होत जातो, तो शोभेसाठी नव्हे.

या आडव्या छेदाच्या आतल्या कडेला ओढ बसते आणि बाहेरच्या कडेला दाब. मध्ये कुठेतरी एक रेषा अशी असते जिथे वाकण्यामुळे ना ओढ येते ना दाब. तिला उदासीन अक्ष म्हणतात. सरळ दांडी वाकवली तर ही रेषा छेदाच्या भारमध्यातून जाते, आणि तिथून जितके दूर जावे तितका ताण सारख्या प्रमाणात वाढतो. नाव्हिएने १८२६ साली छापलेल्या व्याख्यानांतून हे गणित इंजिनिअरांच्या हाती नीट आले आणि पूल, छप्पर, तुळई अशा सगळ्या कामांत ते वापरले गेले. पुढे कित्येक वर्षे तेच हुकालाही लावले जाई. हुक म्हणजे वाकवलेली दांडी, मग सूत्र वेगळे कशाला, असा तो विचार होता.

चूक नेमकी त्या 'वाकवलेली' या शब्दात आहे.

खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. मधल्या तिवड्याभोवती बैल एका रांगेत फिरतात. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागीच वळतो, कडेचा बैल मात्र लांबलचक चक्कर मारतो. कोन दोघांचा सारखाच, वाट मात्र वेगळी. हुकाच्या पाठीतले पोलादही तसेच मांडलेले आहे. आमच्या हुकात आतल्या कडेची त्रिज्या ४० मिलिमीटर होती आणि बाहेरच्या कडेची १२०. पाठीतून एक अंशाची पातळ फोड कापली असे समजा. तिच्या आतल्या कडेला पोलादाची लांबी सुमारे ०.७ मिलिमीटर भरते आणि बाहेरच्या कडेला २.१ मिलिमीटर. म्हणजे आतला तंतू बाहेरच्याच्या एकतृतीयांश आहे, आणि तो ओझे लागायच्या आधीपासूनच तसा आहे.

आता ओझे लागले की ही फोड किंचित उघडते. तिची एक बाजू दुसऱ्या बाजूच्या मानाने केसभर फिरते. छेद सपाटच राहतो, त्यामुळे कोणता तंतू किती लांबला हे उदासीन अक्षापासूनच्या त्याच्या अंतरावर ठरते. इथपर्यंत सरळ दांडी आणि हुक यांच्यात काहीच फरक नाही. पण पोलादात ताण किती येणार, हे नुसत्या लांबण्यावरून ठरत नाही. मूळ लांबीच्या मानाने ते किती लांबले, त्यावर ठरते. चार बोटे लांबीचा रबर आणि बारा बोटे लांबीचा रबर, दोन्ही एकेक बोट ओढून पाहा. आखूड रबर हाताला किती जास्त झोंबतो ते लगेच कळते. हुकाची आतली कड हा तो आखूड रबर आहे. सरळ दांडीत सगळे तंतू सारख्या लांबीचे असतात, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो. आतल्या बाजूला ताण इतका चढल्यावर तोल राखण्यासाठी उदासीन अक्षाला आतल्या कडेकडे सरकावे लागते, कारण नुसत्या वाकण्यामुळे छेदात येणारी एकूण ओढ आणि एकूण दाब यांची बरोबरी व्हायलाच हवी. त्यामुळे अक्ष आणि भारमध्य यांच्यात थोडे अंतर पडते. हे सगळे गणितात प्रथम मांडले ते एमिल विंक्लर या जर्मन इंजिनिअरने, १८५८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्याचा विषयच वक्र वस्तू, विशेषतः कड्या, हा होता. पुढे श्टुटगार्टच्या कार्ल बाखने १८८९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकातून ही रीत कारखान्यांपर्यंत पोहोचवली. म्हणून तिला विंक्लर-बाख सिद्धांत म्हणतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहसंबंधाच्या गुणकामुळे ठाऊक असलेला कार्ल पिअर्सन, त्यानेही अँड्र्यूजबरोबर १९०४ मध्ये क्रेनच्या आणि रेल्वे डबे जोडण्याच्या हुकांवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला आहे. हुक तेव्हा इतका गंभीर विषय होता.

आता आमचा हुक. पाठीच्या छेदाचा आकार समलंब चौकोनासारखा, आतल्या बाजूला ६० मिलिमीटर रुंद, बाहेरच्या बाजूला ३० आणि खोली ८०. कोपरे अर्थातच गोल केलेले होते, ती गोलाई आम्ही हिशेबात धरली नाही. क्षेत्रफळ ३६०० चौरस मिलिमीटर. भारमध्य वक्रतेच्या केंद्रापासून ७५.५६ मिलिमीटरवर येतो. पाच टन म्हणजे ढोबळमानाने ५०,००० न्यूटन, आणि ओझ्याची रेषा वक्रतेच्या केंद्रातून जाते असे धरले, तर वाकवणारे आघूर्ण या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ३७.८ लाख न्यूटन-मिलिमीटर.

उदासीन अक्ष काढायला छेदाचा प्रत्येक बारीक तुकडा घेऊन त्याचे क्षेत्रफळ त्याच्या त्रिज्येने भागायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. आतले तुकडे लहान त्रिज्येने भागले गेल्यामुळे बेरजेत जास्त वजन खातात. एकूण क्षेत्रफळाला या बेरजेने भागले की अक्षाची त्रिज्या मिळते. आमच्या छेदासाठी बेरीज ५२.४० आली आणि त्रिज्या ६८.७१ मिलिमीटर. भारमध्यापासून अक्ष सरकला तो फक्त ६.८५ मिलिमीटर. आतल्या कडेवरचा वाकण्याचा ताण मग असा:

σ = M (r_n − r_i) / (A e r_i)

यात M म्हणजे आघूर्ण, r_n अक्षाची त्रिज्या, r_i आतल्या कडेची त्रिज्या, A क्षेत्रफळ आणि e म्हणजे ते सरकलेले ६.८५. छेदस्थानी r_i आहे, आणि आतला तंतू आखूड असल्याची सगळी शिक्षा त्या एका अक्षरातून येते. आकडे घातले की दर चौरस मिलिमीटरला ११० न्यूटन ताण निघतो. त्यात ओझ्याच्या सरळ ओढीचे १४ मिळवले की आतल्या कडेवर १२४. बाहेरच्या कडेवर ओढ वजा करून दाब उरतो फक्त ५२.

सरळ बीमचे सूत्र याच छेदाला लावले तर आतल्या कडेवर सुमारे ८७ न्यूटनांची ओढ आणि बाहेरच्या कडेवर ७७ न्यूटनांचा दाब येतो. म्हणजे ते सूत्र सांगते की दोन्ही कडा जवळजवळ सारखे ओझे वाहतात. प्रत्यक्षात आतली कड बाहेरच्या कडेच्या दुपटीहून जास्त सोसत असते. आकडा कमी निघतो एवढेच नाही, हुकाचा स्वभावच आपण चुकीचा समजून बसतो. या सूत्राची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच कारणाने. पाच टनी हुक भट्टीतून आल्यावर त्याची साधारणपणे दुप्पट भाराने चाचणी घेतात. सरळ सूत्र म्हणते, तेव्हा ताण १७३ होईल आणि साध्या पोलादाच्या २५० च्या मर्यादेपासून आपण बरेच लांब आहोत. वक्र सूत्र म्हणते २४८. म्हणजे चाचणीतच हुक उंबरठ्यावर उभा असतो.

हिशेब करताना एक जागा फार जपावी लागते. e हा दोन मोठ्या आकड्यांतला लहानसा फरक आहे. एका मुलाने अक्षाची त्रिज्या ६८.७१ ऐवजी सोयीसाठी ६९ धरली आणि वाकण्याचा ताण ११० ऐवजी ११६ काढला. शेजारच्याने दशांश सरळ उडवून ६८ धरली आणि त्याचा ९७ आला. पाऊण मिलिमीटरदेखील नसलेल्या त्या फरकाने उत्तर साडेअकरा टक्के घसरले, आणि घसरले ते धोक्याच्या बाजूने. वहीत सगळे व्यवस्थित, सूत्र बरोबर, तरी उत्तर चूक. म्हणून या एका गणितात मी मुलांना शेवटपर्यंत दशांशाची तीन स्थळे सोडू देत नाही.

छेद समलंब का, हेही आता उलगडते. तेवढेच क्षेत्रफळ आणि तेवढीच खोली ठेवून आयताकृती छेद घेतला, ४५ बाय ८०, तर आतल्या कडेवर ताण १४१ होतो. आमच्या हुकाला १२४ होता. आणि कोणी अजाणता समलंब उलटा ठेवला, अरुंद बाजू आत, तर १७१. तिन्ही हुकांना पोलाद तेवढेच लागते आणि तराजूवर ते सारख्याच वजनाचे भरतात. रुंद बाजू आत ठेवली की ओढ सोसायला तिथे पोलाद जास्त मिळते आणि भारमध्यही ओझ्याच्या रेषेजवळ येतो, त्यामुळे आघूर्णच कमी होते. यार्डात पडलेला एखादा हुक हाताला लागला तर त्याच्या पाठीवरून बोट फिरवून पाहावे. आतून रुंद, बाहेरून चिंचोळी अशी ती पाठ बोटाला लगेच कळते. एवढे गणित माहीत नसतानाही जुन्या लोहारांनी काही हुक असे घडवलेले असत, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हा सिद्धांत कितपत खरा? छेद सपाट राहतो असे तो गृहीत धरतो, आणि त्रिज्येच्या दिशेने पोलादात येणारा ताण सोडून देतो. गोलोविन या रशियन संशोधकाने १८८१ मध्ये वक्र पट्टीचे काटेकोर उत्तर काढले, त्याच्याशी ताडून पाहता येते. आमच्या हुकासारखेच, बाहेरची त्रिज्या आतल्याच्या तिप्पट असलेल्या आयताकृती पट्टीला निव्वळ वाकवले, तर आतल्या कडेवर दोन्ही उत्तरांत अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी फरक राहतो. सरळ सूत्र तिथेच एकतृतीयांशाने कमी सांगते. हुकासारख्या भरीव छेदाला म्हणून विंक्लरचे गणित पुरेसे आहे. पातळ फळ्यांच्या, इंग्रजी टी किंवा आय अक्षरासारख्या छेदाला मात्र ते तसेच्या तसे लावू नये. तिथे फळ्या स्वतःच मुडपतात आणि सोडून दिलेला तो त्रिज्येच्या दिशेचा ताण अंगावर येतो.

मात्र कागदावरचे गणित आणि कामाची जागा यांत खरे अंतर पडते ते ओझे कुठे बसले यावरून. आपण धरले की ओझ्याची रेषा वक्रतेच्या केंद्रातून जाते. स्लिंग बुडाशी न बसता टोकाकडे अवघे २० मिलिमीटर, बोटभर रुंदीएवढे, सरकलेले असेल, तर पाठीपासूनचे अंतर ७५.५६ वरून ९५.५६ होते आणि आतल्या कडेचा ताण १२४ वरून १५३ वर जातो. वजन तितकेच, ताण मात्र जवळजवळ चौथ्या हिश्शाने वाढतो. स्लिंग बुडाशी नीट बसल्याशिवाय उचलू नका, असे अनुभवी खलाशी नव्या पोरांवर ओरडतात तेव्हा ते याच २० मिलिमीटरांबद्दल बोलत असतात. तिरके ओढले तर आडव्या दिशेचे वाकणेही येते, आणि ते आपल्या हिशेबात अजिबात धरलेले नाही. दांड्याच्या आट्यांचेही तसेच. आट्यांच्या मुळाशी खाच असते, तिथून थकव्याची भेग सुरू होऊ शकते, आणि ती जागा या सूत्राच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून तपासणीत नट काढून आट्याही पाहाव्या लागतात.

आतल्या कडेवर वेल्डिंगचा एक ठिपका देणेही याच कारणाने घातक आहे. सेफ्टी लॅचसाठी पट्टी जोडायची म्हणून कोणी तिथे वेल्डिंग करते. सर्वांत जास्त ओढ असलेल्या जागीच पोलाद तापून कडक होते आणि वर एक खाचही मिळते. एका कामावर मी असा हुक पाहिला आहे. आतल्या कडेच्या त्या ठिपक्यापासून नखाने जाणवेल अशी भेग निघालेली होती. लाल रंगाचा पेनिट्रंट लावून, पुसून, वर पांढरी पावडर मारल्यावर ती स्पष्ट उमटली. हुक तिथल्या तिथे उतरवला.

आता परत आमच्या चुना लावलेल्या हुकाकडे. पाच टनांना काही नाही. आठ टनांना काही नाही. दहा टनांनंतर मी पंप हळू करायला सांगितले आणि दोन मुलांना टॉर्च घेऊन संरक्षक जाळीबाहेरून आतल्या कडेवर नजर ठेवायला सांगितले. साडेअकरा टनांच्या आसपास एक मुलगी म्हणाली, "सर, रेघा आल्या." पाठीच्या मध्यावर, आतल्या कडेला, चुन्यात दोन-तीन बारीक तिरक्या रेघा उमटल्या होत्या. बाहेरची कड अजून पांढरी स्वच्छ होती. साडेदहाच्या अंदाजापेक्षा हे थोडे पुढे होते, आणि ते तसेच असणार होते. पहिले कायमचे ताणणे अगदी कातडीएवढ्या थरात होते, चुना तडकायला ते थोडे आत शिरावे लागते. नंतर त्याच हुकाच्या दांड्यातून तुकडा काढून तपासला, तर त्याची यील्डची मर्यादा २६० च्या जवळ निघाली. दोन्ही गटांनी याच आकड्याच्या आसपास अंदाज धरून आपले टन काढले होते.

आम्ही तेरा टनांपर्यंत गेलो आणि थांबलो. हुक मोडला नाही. चिवट पोलादात आतला थर हार मानला की ओझे शेजारच्या थरांकडे जाते, म्हणून चांगला हुक एकदम तुटण्याऐवजी आधी तोंड उघडतो. भार उतरवल्यावर मुलांनी डिव्हायडर घेतला आणि त्या दोन पंचखुणांमधले अंतर मोजले. सकाळी वहीत लिहून ठेवलेल्या मापापेक्षा ते दीड मिलिमीटर जास्त भरले. डोळ्याने हुक अगदी पूर्वीसारखा दिसत होता. त्या मुलीने डिव्हायडरची टोके दोन्ही खुणांत पुन्हा एकदा बसवून पाहिली, आणि मग वहीत आकड्याखाली रेघ मारून शेजारी लिहिले, "बाद".